दोऱ्याने मोजलेला रस्ता: नकाशावाल्या गोष्टीचं काम कुठवर आलंय

मंडळी, इचलकरंजीच्या मुलीची गोष्ट आता बऱ्यापैकी उभी राहिलीय. ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, निकिता दहा वर्षांची, वडील यंत्रमागावर, मजुरी मीटरवर, आई कांड्या भरते, घरात पंचाहत्तरी ओलांडलेली आजी आणि चार वर्षांचा भाऊ. घरातून कधीच कुणी नुसतं फिरायला म्हणून बाहेर पडलेलं नाही, आणि 2025 च्या दिवाळीत माग बंद असताना समुद्र बघायला जायचं हे निकिताने ठरवलंय, म्हणजे ठरवलंय तिने एकटीनेच, बाकीच्यांना पटायचंय.

माझं सगळं लक्ष सध्या नकाशावर आहे. लहान मुलाचा नकाशा गोष्टीत आला की तो बहुतेक वेळा भिंतीवर गोड दिसत लटकतो आणि त्याच्याने काहीच घडत नाही, मला तसं नको होतं. नकाशा चुकायला हवा, तोही मुलीने सगळं नीट केलं असताना, आणि त्या चुकीमुळे घरच्यांना काहीतरी निवडावं लागायला हवं.

तर ती जिल्ह्याचा रस्ता ॲटलासवरून मोठ्या कागदावर उतरवते, पण मापं मूळ ॲटलासवरच घेते, 1 सेंमीला 10 किमी. सरळ पट्टी लावली तर वळणं सुटतात म्हणून सुताचा दोरा रस्त्याच्या रेषेवरून ओला करून चिकटवत नेते, मग सरळ करून मोजते. दोरा घरात हवा तेवढा आहे, त्यासाठी मला वेगळं काही जुळवावं लागलं नाही. आधी ती माहितीचा रस्ता, इचलकरंजी ते कोल्हापूर, मोजून बघते, तो जवळजवळ जुळतो, म्हणून तिचा दोऱ्यावर विश्वास बसतो. मग कोल्हापूर ते रत्नागिरी, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. दोरा भरतो साडेअकरा सेंमी, म्हणजे 115 किमी. खरा रस्ता जवळपास 130. लहान प्रमाणाच्या नकाशात घाटाची वळणं काढायला जागाच नसते, छापणारा ती सरळ करून टाकतो, म्हणून माळावर खरा ठरलेला दोरा घाटात आखूड पडतो. हे मी स्वतः दोरा लावून बघितलं आणि तेव्हापासून गोष्ट मला फार आवडायला लागलीय.

आता पैसे. एसटीचं भाडं 6 किमीच्या टप्प्यावर. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, पाचच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं. वडील एक, आई अर्धी, निकिता अर्धी, आजी आणि भाऊ शून्य, म्हणजे पाच जण दोन पूर्ण तिकिटांत! हा हिशोब निकिता जेवताना मांडते तो प्रसंग असा लिहिलाय:

"पाच मान्सं अन् दोनच तिकिटं? आगं कंडक्टर उतरवंल खाली."
"नाय उतरवत पप्पा. आज्जी फुकट हाय, बाळ्या फुकट हाय. मी इचारून आलीया."
आजी ताटातनं मान वर न काढता म्हणाली, "मग मला गणपतीपुळ्याला बी ने की. मी काय पैसं घेत न्हाई."

तिच्या हिशोबाने रत्नागिरीपर्यंत 20 टप्पे, आणि डब्यात गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन यायला पुरतील इतके पैसे, वर फारसं काही नाही. स्टँडवर भाडं विचारायला गेल्यावर कळतं 22 आहेत. दोन टप्पे, दोन तिकिटं, जाऊन येऊन आठ टप्प्यांचं भाडं, टप्प्याला साधारण दहा रुपये धरले तर ऐंशी रुपये. रक्कम लहान आहे, मला ती लहानच ठेवायचीय, कारण गणपतीपुळं तेवढ्यानेच सुटतं आणि रत्नागिरीला लागून असलेला भाट्याचा किनारा उरतो. ज्या आजीला तिकीटच लागत नाही तिचीच इच्छा नकाशावरून जाते, आणि ते तिला निकितानेच सांगायचंय.

तो प्रसंग अजून पूर्ण बसलेला नाही. वडिलांनी कुणाकडून उचल घेऊन पैसे भरले असं करता येईल, पण मग नकाशाची चूक फुकट जाते, त्यामुळे ते मी करणार नाही. आजी रडणार नाही एवढंही नक्की. ती बहुतेक नकाशावर भाट्ये कुठे आहे ते दाखवायला सांगेल आणि तिथून पुळं कुठल्या बाजूला ते विचारेल, हात जोडायला, म्हणजे निकिताला उत्तर दिशा दाखवावी लागेल.

समुद्राची वेळही तपासून घेतली. दिवाळी अमावास्येची, तेव्हा त्या दोनतीन दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी येते, म्हणजे ही मंडळी दिवसभराच्या प्रवासाने पोचतील तेव्हा वाळू लांबवर उघडी असेल आणि पाणी नकाशात काढलंय त्याहून बरंच मागे. तिने तर निळा रंग थेट रस्त्याला टेकवलाय.

पुढच्या आठवड्यात आजीचा प्रसंग लिहून काढतो. इचलकरंजीकडचं कुणी असेल तर संवाद वाचून सांगा, विशेषतः आजीचं बोलणं, ते मला कानाला अजून जरा कोल्हापूर शहराचं वाटतंय.