तुम्ही विचारलंत म्हणून: गॅसलाइनवरचा दुसरा कंट्रोलर

"काय वो साहेब, भट्टीचं तापमान थर्मोकपल सांगतोय, व्हॉल्व्ह कंट्रोलर हलवतोय. मग मधे गॅसचा फ्लोमीटर आणि आणखी एक कंट्रोलर कशाला घालायला लावताय?"

कमिशनसाठी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बेळगावच्या उद्यमबागेत विचारणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात तेच असतं. उरलेल्यांना वाटतं की साधी भट्टी अवघड करून दाखवायची मला हौस आहे. ती थोडी आहेही, पण इथे तिचा संबंध नाही.

थर्मोकपल बरोबर सांगतो, फक्त उशिरा सांगतो. गॅस कमी झाला की आधी ज्योत बारीक होते, मग भट्टीतली हवा, विटा आणि जॉब निवू लागतात, मग थर्मोकपलचं जाड कवच, आणि शेवटी आतली तार. तोवर मिनिटं गेलेली असतात. गॅसलाइनवरच्या फ्लोमीटरला तीच गोष्ट सेकंदात कळते. माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. टेम्परिंगची भट्टी, सेट पॉइंट म्हणजे ठरवून दिलेलं तापमान ५८० अंश, गिऱ्हाइकाची अट अशी की चार्ट पाच अंश वर-खाली यापलीकडे जाता कामा नये. शेजारी हार्डनिंगची मोठी भट्टी, दोघींचा गॅस एकाच हेडरवरून, म्हणजे एकाच मोठ्या पाइपवरून. खाली कुणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसंच इथे व्हायचं. मोठ्या भट्टीचे बर्नर जोरात पेटले की व्हॉल्व्हच्या आधीचा दाब १०० मिलिबारवरून ८१ वर यायचा. आता गॅसचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ८१ टक्के दाब म्हणजे ९० टक्के प्रवाह. व्हॉल्व्ह होता तेवढाच उघडा, आणि गॅस मात्र दहा टक्के कमी.

त्या भट्टीत गॅस एक टक्का कमी झाला आणि तसाच राहिला, तर तापमान शेवटी सुमारे पाच अंशांनी उतरायचं, पण त्याला वेळ लागायचा. टाइम कॉन्स्टंट वीस मिनिटांचा, म्हणजे एकूण उतरण्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग व्हायला वीस मिनिटं. शिवाय पहिलं दीड मिनिट थर्मोकपलला काहीच दिसायचं नाही. दहा टक्क्यांचे पन्नास अंश, म्हणून मग मिनिटाला अडीच अंश या वेगाने घसरण सुरू. कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडू लागतो, पण त्याचा परिणाम थर्मोकपलपर्यंत पोचायला आणखी दीड मिनिट. तोवर साडेतीन अंश गेलेले असतात. घसरण थांबायची सुमारे आठ अंशांवर, आणि परत सेट पॉइंटला यायला अर्धा तास.

खरा त्रास त्यानंतरचा. कंट्रोलरने हळूहळू व्हॉल्व्ह जास्त उघडून कमी दाबाशी जुळवून घेतलेलं असायचं, आणि तेवढ्यात शेजारची भट्टी मंद व्हायची. दाब पुन्हा १००. त्याच उघडलेल्या व्हॉल्व्हमधून आता अकरा टक्के जास्त गॅस. चार्ट आठ अंश वर.

माल बाद झाला नव्हता, हार्डनेस बरोबर होता. पण चार्टची रेघ पट्ट्याबाहेर गेलेली, म्हणून अख्खा लॉट अडकला. मेमो कुणाला? रात्रपाळीच्या ऑपरेटरला. चिकोडीकडचा माणूस, शांत. एवढंच म्हणाला, "मी हात पण लावलो नाही वो, सार." खरंच लावला नव्हता. मग कुणीतरी सांगितलं गेन वाढवा, म्हणजे तेवढ्याच फरकाला व्हॉल्व्ह जास्त हलेल. वाढवला, तर भट्टी शांत असतानाही तापमान लाटा मारायला लागलं. जिथे उशीर आहे तिथे घाई करून भागत नाही.

मग फ्लोमीटर बसला. आता तापमानाचा कंट्रोलर थेट व्हॉल्व्हला हात लावत नाही. तो फक्त एवढं ठरवतो की गॅस किती हवा, आणि तो आकडा दुसऱ्या कंट्रोलरला सेट पॉइंट म्हणून जातो. दुसरा कंट्रोलर तेवढा गॅस मोजून घेतो, त्यासाठी व्हॉल्व्ह कितीही उघडावा लागो. या मांडणीला कॅस्केड म्हणतात: तापमानाचा कंट्रोलर म्हणजे बाहेरचा लूप, गॅसचा म्हणजे आतला. दाब ८१ झाला की फ्लोच्या रेघेत एक खाच पडते, व्हॉल्व्ह सरकतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत प्रवाह जागेवर. एकूण तुटलेला गॅस म्हणजे दहा टक्के कमी प्रवाहाचे जेमतेम पाच सेकंद. तेवढ्याने त्या भट्टीचं तापमान पाव अंशही हलत नाही. बाहेरच्या लूपला काही झाल्याचं कळतही नाही. व्हॉल्व्ह अडखळणारा असला तरी आतला लूप त्याला ढकलून हवा तेवढा गॅस मिळवतो, फार अडखळत असेल तर मात्र तोच डोलायला लागतो. (हवेचं प्रमाण सांभाळायची व्यवस्था वेगळी, ती इथे सोडतो.)

पंधरा दिवसांत फोन आला, "तुमचं कॅस्केड चालत नाही." गेलो. दार उघडून गार जॉब आत ढकलत होते आणि तापमान पडत होतं. पडणारच! दारातून गेलेली उष्णता फ्लोमीटरला दिसत नाही. गॅस ठरल्याप्रमाणे जातोय, आतला लूप समाधानी आहे. अशा वेळी सगळं काम बाहेरच्या लूपचं, आणि तो पूर्वीइतकाच सावकाश. गॅसचं उष्मांक-मूल्य बदललं तरी तेच, कारण आपण गॅस मोजतो, उष्णता नाही. हे मी आधी सांगितलं होतं. कोटेशनमध्ये लिहिलंही होतं. कोटेशन वाचतंय कोण?

ट्यूनिंगचा क्रम उलटा करून मला बोलावणारेही आहेत. बाहेरचा लूप मॅन्युअलवर ठेवा, आधी आतला बसवा: गेन कमी, इंटिग्रल, म्हणजे उरलेला फरक साठवत भरून काढणारा भाग, काही सेकंदांचा, कारण फ्लोचा सिग्नल थरथरता असतो. मग बाहेरचा. आतला लूप बाहेरच्यापेक्षा निदान चार-पाच पट वेगवान नसेल, तर दोघं एकमेकांशी भांडतात. भट्टीत हा फरक आयताच मिळतो, म्हणून इथे कॅस्केड शोभतं. आणखी एक: दाब इतका पडला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही गॅस पुरत नाही, तेव्हा बाहेरच्याचं इंटिग्रल थांबलं पाहिजे. नाहीतर तो मागणी वाढवत बसतो आणि दाब आल्यावर भट्टी उसळते.

पूर्वी मीच म्हणायचो, दाब बिघडतोय ना, मग चांगला रेग्युलेटर लावा, फ्लोमीटर कशाला? त्या जुन्या माणसाला आजही मी पूर्ण गप्प करू शकत नाही. रेग्युलेटरमध्ये बिघडण्यासारखं कमी असतं. पण मागणी वाढली की त्याचाही दाब थोडा खाली बसतो, आणि व्हॉल्व्हच्या अडखळण्यावर त्याच्याकडे उत्तर नाही. तो जुना माणूस मला उलट विचारतो: फ्लोमीटरच्या ऑरिफिसची बारीक नळी तुंबली आणि फ्लोमीटर खोटाच कमी आकडा दाखवू लागला, तर? आतला लूप व्हॉल्व्ह उघडत जाईल, आणि तापमानाच्या कंट्रोलरला ते कळेपर्यंत मिनिटं जातील. यावर मी स्वतंत्र थर्मोकपलवरचा ओव्हर-टेम्परेचर कटऑफ सांगतो. तो म्हणतो, म्हणजे अजून एक वस्तू. होय की, अजून एक वस्तू.

तेव्हा तुमच्या भट्टीला हे लावायचं की नाही, असं फोनवर विचारू नका. व्हॉल्व्हच्या आधीच्या दाबाचा आठवडाभराचा रेकॉर्ड आणि त्याच दिवसांचा तापमानाचा चार्ट शेजारी ठेवा. दाब पडल्यावर काही मिनिटांनी तापमान पडत असेल, तर मला बोलवा. दाब सरळ असून तापमान पडत असेल, तर आधी दार बघा.