काकांचं रिटर्न आणि ३१ ऑक्टोबरची तारीख

काकांचं २०२३-२४ चं रिटर्न ३१ जुलै २०२४ पर्यंत भरायला हवं होतं, पण तेव्हा ते आजारी होते. ऑक्टोबर संपत आला तेव्हा कागद माझ्याकडे आले. पेन्शन आणि एफडीचं व्याज धरून, टीडीएस वजा जाता ४६,८७० रुपये कर भरायचा निघत होता. काका ज्येष्ठ नागरिक, धंदा काही नाही, म्हणून ॲडव्हान्स टॅक्सचं व्याज लागू नव्हतं. उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्याने ५,००० रुपये लेट फी होती, ती तारखेनुसार बदलत नाही. बदलणारं होतं ते कलम २३४ए चं व्याज, दरमहा एक टक्का.

मोजणी मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १ ऑगस्टपासून सुरू होते आणि रिटर्न भरल्याच्या तारखेला थांबते. मधला महिना अर्धा असो की एका दिवसाचा, पूर्णच धरतात. काकांना ते पटेना. "अरे, एका दिवसाचाही महिना?" मी म्हटलं, "हो काका, १ ऑगस्टला भरलं असतं तरी एक महिन्याचं व्याज पडलंच असतं." व्याज काढताना रकमेतले शंभराच्या खालचे रुपये सोडतात, म्हणून हिशेब ४६,८०० वर. महिन्याला ४६८. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर मिळून १,४०४. १ नोव्हेंबर उजाडला की चौथा महिना, १,८७२.

म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरा किंवा ३१ ला, रक्कम तीच. घाई उपयोगाची असते ती महिनाअखेरीलाच, आणि आम्ही नेमके तिथे होतो. ३१ ला नरकचतुर्दशी होती, म्हणून आदल्या संध्याकाळीच बसलो.

इथे बरेच जण फसतात. मुदत उलटल्यावर चलन भरलं की मीटर थांबलं असं वाटतं, पण मोजणी रिटर्नच्या तारखेला थांबते. आम्ही चलन ३० ला भरून रिटर्न १ नोव्हेंबरला पाठवलं असतं, तर व्याज चार महिन्यांचं झालं असतं आणि ४६८ रुपयांसाठी पुन्हा चलन काढावं लागलं असतं. म्हणून सेल्फ असेसमेंट टॅक्सचं चलन भरल्याबरोबर त्याचा बीएसआर कोड आणि क्रमांक रिटर्नमध्ये टाकला आणि तिथेच सबमिट केलं.

दुसरी जागा व्हेरिफिकेशनची. रिटर्न अपलोड केल्यापासून ३० दिवसांत ते झालं तर अपलोडची तारीखच धरतात. त्यानंतर झालं तर व्हेरिफिकेशनची तारीख हीच रिटर्नची तारीख ठरते. आमचं राहून डिसेंबरात गेलं असतं, तर ऑगस्ट ते डिसेंबर असे पाच महिने झाले असते, आणि रिटर्न वेळेत पाठवलंय म्हणून आम्ही निर्धास्त असतो. काकांचा मोबाईल आधारला जोडलेला होता. ओटीपी आला, त्यांनी चष्मा लावून आकडे वाचून दाखवले, मी टाकले.

पुढे आयकर विभागाकडून रिटर्न तपासल्याची, कलम १४३(१) ची सूचना आली. तिच्यात २३४ए समोर आमचाच आकडा होता, १,४०४.