आमची वाटचाल : चार लाख ऐंशी हजारांची पांढरी ओळ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे आठ माग आहेत, टेरी टॉवेलचे. बरी गेलेली वर्षं सांगत बसत नाही. 2019 च्या दिवाळीचं मात्र सांगतो. सूतवाला दारात उभा होता आणि परगावच्या एका व्यापाऱ्याकडे आमचे 4,80,000 रुपये अडकले होते.

उधारी मी गूगल शीटवर ठेवायचो. E मध्ये देय तारीख, F मध्ये बाकी. मुदत उलटली की पूर्ण ओळ लाल व्हावी म्हणून A2:F500 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये कस्टम फॉर्म्युला घातला होता:

```
=AND($F2>0,$E2<TODAY())
```

डॉलर अक्षराच्या आधी हवा, आकड्याच्या आधी नको. `E2` लिहिलं तर B च्या घरात शीट F तपासतं आणि ओळ अर्धवट रंगते. `$E$2` लिहिलं तर सगळी बिलं पहिल्याच बिलाच्या तारखेवर चालतात. रेंज दुसऱ्या ओळीपासून असेल तर फॉर्म्युल्यातही 2 च हवा, नाहीतर रंग भलत्याच पार्टीवर बसतो.

`$F2>0` ही अट लातूरच्या काकांमुळे आली. आमचा पहिला गठ्ठा त्यांनीच उचलला होता. आधी मी फक्त तारीख तपासायचो. काकांनी पैसे भरले तरी ओळ लालच राहिली आणि पुतण्याने त्यांना तगाद्याचा फोन केला. काका एवढंच म्हणाले, "पोरा, वही बघ." मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या व्यापाऱ्याची ओळ मात्र पांढरीच. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी रोज शीट उघडायचो, लाल ओळी बघून फोन करायचो, आणि त्याला एकदाही केला नाही. ऑक्टोबरमध्ये लक्षात आलं, बाकी तारखा घराच्या उजव्या कडेला आणि त्याची `25.08.2019` डावीकडे. टिंबं देऊन टाइप केलेली ती तारीख शीटने मजकूर म्हणून धरली होती. तुलनेत मजकूर आकड्यापेक्षा मोठाच ठरतो, त्यामुळे त्याची मुदत कधी उलटलीच नाही. चूक दाखवणारा कुठला इशाराही आला नाही.

आता लाल नियमात `ISNUMBER($E2)` जोडलंय आणि दुसरा, पिवळा नियम ठेवलाय:

```
=AND($F2>0,NOT(ISNUMBER($E2)))
```

बाकी आहे पण तारीख रिकामी किंवा मजकूर, तर ओळ पिवळी. नव्या पोरांना सांगतो, सकाळी आधी पिवळ्या ओळी मिटवा, मग लाल ओळींना फोन लावा. शीटचं लोकेलही भारत ठेवा, नाहीतर 05/08 म्हणजे 8 मे होतो आणि ओळ तीन महिने आधीच लाल होते.

त्या व्यापाऱ्याने हप्त्याहप्त्याने 4,10,000 दिले. उरलेले 70,000 अजून आले नाहीत. ती ओळ मी काढलेली नाही, पहिल्या नंबरावर लाल आहे.