तिसऱ्या आंघोळीला गार पाणी: सोलरचा हिशेब मी बादलीने कसा लावला

आमच्या पुण्याच्या घरावर 100 लिटरचा जुना सोलर आहे: 2 चौरस मीटरचं काचेचं पॅनल, आत तांब्याच्या 9 उभ्या नळ्या, वर टाकी. पंप नाही, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. यंदा जानेवारीत पहिल्या दोघांना कढत पाणी आणि तिसऱ्याला कोमट, असं सुरू झालं. तिसरा बहुतेक मीच. मेकॅनिकने टाकीवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "साहेब, आतलं पफ गेलंय. टाकी बदलावी लागेल." पफ म्हणजे टाकीभोवतीचा, उष्णता धरून ठेवणारा फोम. आकडा ऐकून म्हटलं, आधी उष्णता नक्की जाते कुठे ते तरी बघू.

रात्री टाकी गार पाण्याने भरली (20 अंश) आणि दिवसभर कोणाला नळ सोडू दिला नाही. चार वाजता पॅनलवर चादर टाकली, गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पॅनलच्या खालच्या ड्रेनमधून दहा-दहा लिटरच्या दहा बादल्या काढल्या. हे करताना टाकीची एअर व्हेंटची नळी मोकळी असल्याची खात्री करा, नाहीतर पाणी उतरताना आत पोकळी होऊन टाकी चेपते. गरम पाण्याच्या नळातून मोजून भागत नाही. तो टाकीच्या वरच्या भागातून निघतो, म्हणजे सगळ्यात गरम थरच तेवढा दाखवतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर पहिल्या बादलीत बुडवला: 24. मग 27, 31, 36, 42, 47, 53, 57, 61, आणि शेवटी 62. सरासरी 44, म्हणजे वाढ 24 अंशांची.

एक युनिट उष्णता 100 लिटर पाणी साधारण 8.6 अंशांनी तापवते. म्हणजे पाण्यात उतरली ती जेमतेम 2.8 युनिट. जानेवारीतल्या निरभ्र दिवशी दक्षिणेकडे तिरक्या पॅनलवर चौरस मीटरला सहा युनिटच्या आसपास ऊन पडतं, आपल्याकडे एकूण 12. कार्यक्षमता 23 टक्के! साधारण पाचवा हिस्सा काचेवरून आणि नळ्यांना जोडलेल्या पत्र्यावरून परततो, तो धरला तरी साडेसहा युनिटांहून जास्त उष्णता बेपत्ता होती.

टाकीने खाल्ली असेल? दुसऱ्या दिवशी ऊन तसंच होतं. त्या दिवशी बादल्या संध्याकाळी न काढता दुसऱ्या दिवशी पहाटे काढल्या. सरासरी 40. रात्रभरात चार अंश, म्हणजे अर्धं युनिटसुद्धा नाही. टाकी निर्दोष होती.

मग भर दुपारी पॅनलपाशी गेलो. थर्मामीटरची सळई नळीला टेकवून वरून फोम गुंडाळला. पॅनलमध्ये पाणी आणणाऱ्या खालच्या नळीवर 26 आणि टाकीकडे नेणाऱ्या वरच्या नळीवर 68. चांगल्या चालणाऱ्या पॅनलमध्ये हा फरक दहा-पंधरा अंशांचा असतो. 42 म्हणजे पाणी आत रेंगाळतंय. थेंबथेंब पण कढत पाणी वर जात होतं, म्हणून टाकीत वर 62 आणि तळाशी 24. काचेवरून हात फिरवला तर उजवीकडच्या चार नळ्यांवरची काच चटका देत होती, बाकीची नुसती कोमट. त्या चार नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. तिथला पत्रा तापून सगळी उष्णता परत हवेला देत होता.

कारण बोअरचं पाणी. तापलं की त्यातला चुना नळ्यांत बसतो. दुसऱ्या एका प्लंबरदादांनी पॅनल सोडवून सल्फामिक अ‍ॅसिडचं पातळ पाणी दोन तास फिरवलं. आधी बराच फेस आला, मग पांढरट गाळ. फेस थांबल्यावर त्यांनी लगेच धुऊन टाकलं, कारण उगाच जास्त वेळ ठेवलं तर अ‍ॅसिड तांब्याला लागतं.

नंतरच्या निरभ्र दिवशी पुन्हा दहा बादल्या. पहिली 48, शेवटची 63, सरासरी 57. म्हणजे 4.3 युनिट, 36 टक्के. दुपारचा फरक 13 अंशांवर आला.

पॅनलच्या कागदावर 70 टक्के लिहिलंय, मग 36 का? तो आकडा पाणी आणि हवा सारख्याच तापमानाची असतानाचा आहे. पाणी हवेपेक्षा जितके अंश गरम, तितक्या अंशांमागे दर चौरस मीटर साधारण सहा वॅट निसटतात. सकाळी आठला हे नुकसान जवळपास शून्य. चार वाजता मात्र पाणी 55 आणि हवा 29, म्हणजे 156 वॅट गेले. त्या वेळच्या 300 वॅट उन्हातून मिळतात 210, हाती उरतात 54. पाचच्या सुमारास तेही संपतं. म्हणून आता बायको कपड्यांसाठीचं गरम पाणी दुपारी एकलाच काढून घेते. टाकीत गार पाणी येतं आणि उरलेल्या उन्हात पॅनल जास्त उष्णता घेतं.

उजवीकडून दुसऱ्या नळीवरची काच अजून जरा जास्तच तापते. पावसाळ्याआधी ते पॅनल पुन्हा एकदा सोडवायचं आहे.