सीएनसी फक्त चार जाहिरातींत? मशीन शॉपची कौशल्यं मोजताना, टप्पा ३

कुठलं कौशल्य किती जाहिरातींत मागतात हे मोजायला कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या मशीन शॉपच्या नोकरीच्या जाहिराती जमवून झाल्या. पेपरातल्या छोट्या जाहिराती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, गेटवर चिकटवलेले कागद, सगळं हातानं टाइप केलं. एकच जाहिरात वेगवेगळ्या एजन्सींनी फिरवलेली असते, तशा काढून टाकल्यावर १२० उरल्या. कौशल्यांची यादी मावसभावाबरोबर बसून केली. तो व्हीएमसीवर सेटर आहे.

पहिल्या मोजणीत ‘ड्रॉइंग’ आणि ‘मायक्रोमीटर’चे आकडे पटण्यासारखे होते, पण सीएनसी फक्त ४ जाहिरातींत! भावानं आकडा बघितला आणि म्हणाला, "काहीतरी चुकलंय बघ. इथं प्रत्येक दुसरी जाहिरात सीएनसीची असते." त्या चारही उघडल्या, तर चारहींत ‘सीएनसीचा अनुभव’ असं लिहिलेलं. नुसतं ‘सीएनसी ऑपरेटर’ एकही सापडलेलं नव्हतं.

दोष `\b` चा, म्हणजे शब्दाची हद्द शोधणाऱ्या खुणेचा निघाला. पायथनचं `re` काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. ‘सीएनसी’ दीर्घ वेलांटीवर संपतो आणि पुढे मोकळी जागा येते. `re` च्या दृष्टीनं दोन्ही अक्षरं नाहीत, म्हणून शब्दाची हद्दच तयार होत नाही. ‘सीएनसीचा’मध्ये वेलांटीनंतर ‘च’ येतो, म्हणून तिथं हद्द दिसते. ‘ड्रॉइंग’ व्यंजनावर संपतो, म्हणून तो पहिल्यापासून बरोबर मोजला जात होता.

```python
import re
ad = "सीएनसी ऑपरेटर पाहिजे"
re.search(r"\bसीएनसी\b", ad)  # None
re.search(r"(?<![\u0900-\u097F])सीएनसी", ad)  # सापडतो
```

आता डावी बाजू बंद आणि उजवी मोकळी ठेवली आहे, त्यामुळे ‘-चा’, ‘-वर’ असे प्रत्यय चालतात. ‘CNC’ आणि ‘सी.एन.सी.’ही त्याच नावाखाली घेतले. आकडा ७१ झाला. उजवी बाजू मोकळी ठेवल्याचा तोटाही लगेच दिसला: ‘टूल’ शोधला की ‘टूलरूम’ही येतो, आणि टूलरूम म्हणजे वेगळा विभाग. म्हणून यादीत ‘टूल सेटिंग’ असं पूर्ण लिहिलं.

७१ पैकी ९ जाहिरातींत ‘सीएनसी शिकवू, फ्रेशर चालेल’ असं होतं. तिथं कौशल्य मागितलेलंच नाही. त्या वाचून वगळल्या, उरल्या ६२. ‘शिकवू’ शब्द दिसला की जाहिरात बाजूला काढणारी एक ओळ आता लिहिली आहे, पण निर्णय मीच वाचून घेतो.

व्हर्निअरचा उल्लेख मात्र १४ जाहिरातींतच आहे. भावाच्या मते व्हर्निअर वाचता न येणाऱ्याला इथं कुणी मशीनवर उभं करत नाही. आयटीआय म्हटलं की ते गृहीतच धरतात. म्हणून तक्त्यावर ‘जाहिरातीत लिहिलेली कौशल्यं’ असंच नाव घातलं आहे.

पुढच्या आठवड्यात सेटर आणि ऑपरेटर वेगळे मोजणार आहे. वरवर चाळताना प्रोग्रॅमिंगची मागणी बहुतेक सेटरच्या जाहिरातींतच दिसली.