अजून काहीच नाही

रात्रीचे साडेअकरा झाले आहेत आणि अजून तेच वाक्य डोक्यात घोळतंय. "अजून काहीच नाही हो याचं." मुलगा वयात येत नाही म्हणून त्याला माझ्या दवाखान्यात घेऊन आलेल्या आई त्याच्यासमोरच म्हणाल्या. तो मान खाली घालून बुटांच्या नाड्यांकडे बघत बसला. वय तेरा वर्षं आठ महिने, आणि 'काहीच नाही'.

खरं तर त्यांचा राग येण्याचं कारण नाही. राग स्वतःचाच आला, कारण माझा पहिला प्रश्नही तोच होता: "आवाज फुटला का रे?" इतकी वर्षं हेच काम करून तोंडातून आधी आवाजच निघावा! वर्गातली बाकीची पोरं घोगरं बोलतात, दोघातिघांना मिसरूड फुटलंय, म्हणून घाबरून आलेल्या मुलाला मी पुन्हा तिथंच नेऊन उभं केलं.

आवाज हा वयात येण्याचा आरंभ नाही. तो बराच उशिरा येणारा पाहुणा आहे. आरंभ होतो अंडकोशात, आणि तो कुणालाच दिसत नाही, खुद्द मुलालाही लवकर कळत नाही. मेंदूतून आधी रात्री झोपेत आणि मग दिवसाही संप्रेरकांचे ठोके येऊ लागतात, त्यांनी वृषण वाढू लागतात. या वाढीत मोठा वाटा असतो शुक्राणू तयार करणाऱ्या बारीक नळ्यांचा. पुरुषी बदल घडवणारं टेस्टोस्टेरॉन तिथंच शेजारच्या वेगळ्या पेशी बनवतात, आणि त्याची पातळी हळूहळू चढते. म्हणून वृषण आधी मोठे होतात आणि बाहेरून दिसणारं सगळं मागून येतं. घरच्यांना तोवर 'काहीच नाही' असंच वाटणार.

मोजायला आमच्याकडे मण्यांची माळ असते. दोऱ्यात ओवलेले अंडाकृती बारा मणी, 1 मिलिलिटरपासून 25 पर्यंत. 3 पर्यंतचे मणी लहान मुलाचे. 4 चा मणी जुळला, म्हणजे लांबी साधारण अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सुरुवात झाली. ही सुरुवात नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत कधीही झाली तरी ठीक. बहुतेकांची अकरा-बाराच्या सुमारास होते. दोन मुलं एकाच बाकावर बसतात आणि त्यांच्यात चार-चार वर्षांचं अंतर असू शकतं. हे आईवडिलांना सांगितलं की ते मान डोलावतात. मुलाला मात्र शेजारचा बाकच दिसतो.

आई बाहेर थांबल्या. तपासू का, असं विचारलं तर तो आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. दोन्हीकडे 8 चा मणी. म्हणजे याचं वर्षभरापूर्वीच, कदाचित त्याच्याही आधी, सुरू झालेलं आहे. कातडी पातळ आणि किंचित गडद झालेली, डावीकडचं थोडं खाली लोंबणारं (बहुतेकांचं तसंच असतं, आणि बहुतेकांना त्याची चोरटी काळजी असते). लिंगाच्या मुळाशी थोडे केस. लिंगाची लांबी नुकती वाढू लागलेली; जाडी नंतर भरते. ते वृषणांच्या मागून वर्षभराने वाढू लागतं, हे माहीत नसलं की मधल्या काळात मुलगा आरशापुढे उगाच घाबरतो. उलटा प्रकारही असतो. केस आले पण वृषण अजून 2-3 मिलिलिटरचेच. ते केस बऱ्याचदा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमुळे आलेले असतात. त्याला वयात येणं म्हणत नाहीत.

माळ त्याच्या हातात दिली आणि 4 चा आणि 8 चा मणी दाखवला. "म्हणजे सुरू झालंय?" एवढंच विचारलं त्याने. पुढचा प्रश्न बहुधा तोंडाशी आला होता, तो गिळला.

उंचीचा तक्ता काढला. वर्षभरात 6 सेंटिमीटर, पण पहिल्या सहा महिन्यांत अडीच आणि नंतरच्या सहा महिन्यांत साडेतीन. वेग उचललाय. मुलांची सर्वांत जोरकस वाढ 10-12 मिलिलिटरच्या आसपास होते, तेव्हा वर्षाला 9-10 सेंटिमीटरही वाढतात. याची ती अजून यायची आहे. आवाजही साधारण त्याच सुमारास. स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि गळ्याच्या स्नायूंना हे नवं वाद्य वाजवायची सवय नसते, म्हणून बोलता बोलता आवाज चिरकतो. काही महिने असं चालतं, शेवटी आवाज साधारण एक सप्तक खाली स्थिरावतो. तोवर त्याच्या चिरक्या 'हॅलो'ला घरात कुणी हसू नये, एवढी एकच विनंती. काखेतले केस आणि मिसरूड त्यानंतर. दाढी तर फारच सावकाश.

झोपेत वीर्य जाणं साधारण मध्यावर कधीतरी सुरू होतं. त्याला आपल्या भाषेत 'स्वप्नदोष' का म्हणतात, याचा मला आजही त्रास होतो. त्यात दोष कसला? यावर कधीतरी वेगळं लिहीन.

छातीचंही त्याने शेवटी, शर्टाचं बटण लावता लावता विचारलं. एका बाजूला बोंडाखाली दुखरी, बटणाएवढी गाठ. निम्म्याच्या आसपास मुलांना होते, सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची विरते. हीच त्याची खरी भीती होती, आवाजाचं निमित्त होतं. आणि मी आवाजावर किती वेळ घालवला!

काळजी कधी करायची, तेही आईंना सांगितलं. चौदा पूर्ण झाले तरी वृषण 4 मिलिलिटरला पोचले नाहीत तर दाखवायचं. बऱ्याचदा वडील किंवा मामाही उशिरा वाढलेले निघतात, डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाडं वयाच्या मागे दिसतात आणि मुलगा पुढे आपोआप गाठतो. पण ते तपासूनच म्हणायचं. नऊच्या आधी सुरू झालं तरी दाखवायचं. सुरू होऊन मध्येच थांबल्यासारखं वाटलं, किंवा वृषणावर कडक गाठ लागली, तरीही. आणि अचानक एका वृषणात जोरात दुखू लागलं, उलटी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत तो सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता खूप जास्त. लाजेपायी मुलं रात्रभर दाबून ठेवतात, म्हणून हे त्याच्यासमोरच दोनदा सांगितलं.

निघताना आई हसून म्हणाल्या, "बाकी काही नाही तरी बूट मात्र दर चार महिन्यांनी लहान होतात याला." मी पेन ठेवलं. पायाची वाढ उंचीच्या आधी धावते. म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं, बुटांच्या दुकानात.

आणि तो सुरुवातीला बघत बसला होता त्या नाड्या. नवेच बूट होते. मी बघितलेच नाहीत.