४४० पर्यायांत होतं, तरी गुण गेला

चाचणीचे पेपर परत दिले आणि माझी एक विद्यार्थिनी कच्चं काम घेऊन टेबलाशी आली. "सर, माझं गणित बरोबर आहे. उत्तर पर्यायांतही आहे. मग चूक कशी?"

प्रश्न एका गुणाचा होता. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या वृत्तचितीची त्रिज्या ७ सेमी, उंची १० सेमी, तर एकूण पृष्ठफळ किती? पर्याय होते १५४, ४४०, ७४८ आणि १५४०. तिने 2πrh वापरून २ × २२/७ × ७ × १० = ४४० काढलं होतं. आकडेमोडीत खरोखरच कुठे चूक नव्हती.

हे पर्याय मीच निवडले होते. १५४ हे एका तळाचं क्षेत्रफळ, १५४० हे घनफळ आणि ४४० हे वक्रपृष्ठफळ. आपण काढलेली संख्या पर्यायांत दिसली की मुलं निर्धास्त होतात आणि प्रश्न पुन्हा वाचत नाहीत. पण चुकीच्या वाटेने जाणाऱ्याला जे उत्तर मिळेल, तेही पर्यायांत मुद्दामच ठेवलेलं असतं.

मी तिला सूत्र सांगितलं नाही. ही वृत्तचिती कागदाची आहे असं समजून उलगडून काढ, एवढंच म्हटलं. तिने आयत काढला. लांबी तळाच्या परिघाएवढी, म्हणजे ४४ सेमी, आणि रुंदी १० सेमी. "हे तुझं ४४०. वृत्तचिती बंद व्हायला आणखी काय लागेल?" तिने शेजारी दोन वर्तुळं काढली. प्रत्येकी १५४, दोन्हींचे मिळून ३०८ चौसेमी. ४४० + ३०८ = ७४८. म्हणजे पृष्ठभागाचा बराच मोठा भाग तिच्या उत्तरात आलाच नव्हता.

गोंधळाचं कारण तिच्या वहीत सापडलं. आदल्या सरावात नळी आणि रूळ यांचीच उदाहरणं होती. तिथे तळ मोजायचेच नसतात, त्यामुळे त्रिज्या आणि उंची दिसली की हात आपोआप 2πrh लिहीत होता. एकूण पृष्ठफळाचं सूत्र 2πr(r + h). सुरुवात तीच असल्याने कंसातला r निसटला तरी लक्षात येत नाही. 'एकूण' हा शब्द तिने वाचला होता, पण नेमकं काय काय मिळून एकूण, हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

एका गुणाच्या प्रश्नात पायऱ्यांना गुण नसतात, त्यामुळे मी गुण दिला नाही. तिचं गणित वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं, हे तिला पटलंही.

मग तिनेच विचारलं, "आणि वरचं झाकण नसेल तर?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण तिथे पाठ केलेलं कुठलंच सूत्र जसंच्या तसं चालत नाही. तिने आकृतीतलं एक वर्तुळ खोडलं आणि ४४० + १५४ = ५९४ लिहिलं.